जाहिरातीसारखी प्रेसनोट सरळ बातमीत कशी बदलायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या एका दैनिकात अकरा वर्षं डेस्कवर होतो. तेव्हा आलेल्या प्रेसनोटा कापायचो. आता त्याच प्रेसनोटा लिहून देतो : सातपूर-अंबडच्या कारखान्यांसाठी, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्यांसाठी, कधी एखाद्या शाळेसाठी. लोक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. सगळी उत्तरं एकाच उदाहरणाभोवती फिरतात. उदाहरण खऱ्या कामावरून घेतलं आहे, पण त्यातली ओळख पटेल अशी माहिती आणि आकडे बदलले आहेत.

आलेली प्रेसनोट म्हणजे जाहिरात आहे, हे डेस्कवरच्या माणसाला कशावरून कळतं?

सगळ्यांना वाटतं विशेषणांवरून. विशेषणं दिसतातच, पण माझी खूण वेगळी होती. कंपनीच्या नावावर अंगठा ठेवायचा आणि उरलेला मजकूर वाचायचा. तो दुसऱ्या कुठल्याही कंपनीला जसाच्या तसा लागू पडत असेल, तर ती जाहिरात. बातमी एकाच जागेला, एकाच दिवसाला चिकटलेली असते. अंगठा ठेवला तरी ती कुणाची आहे ते साधारण कळतं.

दुसरी खूण क्रियापदांची. जाहिरातीत सगळं ‘होणार’, ‘मिळणार’, ‘ठरणार’ असतं. काय ‘झालं’ ते शोधावं लागतं. आणि वाचकाला ‘आपण’ म्हणून हाक मारली असेल, तर उपसंपादक पुढं वाचतच नाही.

एखादा नमुना दाखवाल?

हा घ्या. दिंडोरी तालुक्यातल्या एका शीतगृहाच्या उद्घाटनाची ही नोट मालकांनी स्वतः लिहून मला व्हॉट्सअॅपवर पाठवली होती :

> द्राक्षनगरीच्या शिरपेचात मानाचा तुरा!!
>
> उत्तर महाराष्ट्रातील पहिल्याच, जागतिक दर्जाच्या अत्याधुनिक द्राक्ष शीतगृहाचा भव्यदिव्य शुभारंभ रविवारी मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या थाटामाटात संपन्न झाला. बळीराजाच्या हितासाठी अहोरात्र झटणारे युवा उद्योजक मा. श्री. … यांच्या दूरदृष्टीतून साकारलेल्या या प्रकल्पामुळे द्राक्षांचे नुकसान शून्यावर येणार असून शेतकऱ्यांचे उत्पन्न दुप्पट होणार आहे. प्रचंड क्षमतेच्या या शीतगृहामुळे युरोपातील निर्यातीची हमी मिळणार आहे. अत्यंत माफक दरातील या सुवर्णसंधीचा आपणही आजच लाभ घ्यावा!

अंगठा ठेवून पाहा. शीतगृह कुठं आहे, किती टनांचं आहे, तिथं कोण माल ठेवू शकतो, किती पैसे पडतात, यातलं काहीच नाही.

यातली विशेषणं काढून टाकली की काम झालं ना?

नाही. सगळ्यात जास्त चूक इथंच होते. विशेषणं काढून बघा काय राहतं : ‘शीतगृहाचा शुभारंभ रविवारी झाला. या प्रकल्पामुळे नुकसान शून्यावर येणार असून उत्पन्न दुप्पट होणार आहे. निर्यातीची हमी मिळणार आहे.’ भाषा शांत झाली, पण जाहिरात तशीच आहे. उलट आता जास्त घातक आहे, कारण ती बातमीच्या आवाजात बोलते आहे. ‘भव्यदिव्य’ला वाचक हसून सोडून देतो, पण ‘उत्पन्न दुप्पट होणार आहे’ या सरळ वाक्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून मी विशेषणं खोडत नाही. प्रत्येकाखाली रेघ मारतो आणि त्याचा प्रश्न करतो. ‘प्रचंड क्षमता’ म्हणजे किती? ‘माफक’ म्हणजे किलोला किती? ‘अत्याधुनिक’ म्हणजे नेमकं कोणतं यंत्र? विशेषणाच्या जागी बहुतेक वेळा एक आकडा किंवा एक नाम बसायला हवं असतं. लिहिणाऱ्याने ते विचारलेलं नसतं, किंवा मालकाला सांगायचं नसतं.

मग मालकांना काय काय विचारलं?

फोनवर पाऊण तास गेला. आधी मालक जरा खट्टू होते. ‘दादा, सगळं लिहून तर दिलंय,’ म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, तुम्ही शेजारच्या बागायतदाराला पारावर बसून सांगाल तसं सांगा. मग गाडी रुळावर आली.

‘प्रचंड क्षमता’पासून सुरुवात केली. उत्तर आलं, चार कक्ष, प्रत्येकी १५० टन, म्हणजे ६०० टन. चांगला आकडा आहे. पण मी सवयीनं पुढं विचारलं, चारही चालू आहेत का? थोडी शांतता. वाढीव वीजभार अजून मिळालेला नव्हता, त्यामुळे दोनच कक्ष चालू होते. आता बघा, ‘६०० टन क्षमतेचे शीतगृह सुरू’ हे वाक्य एकही विशेषण न वापरता खोटं झालं असतं. आणि त्या वाक्यावर भरवसा ठेवून कुणी हंगामाच्या भरात ट्रॅक्टर भरून आला असता, तर गेटवरून परत गेला असता. क्षमतेचा आकडा आला की आज किती चालू आहे, हे विचारायचंच. ‘मंजूर’, ‘बांधून तयार’ आणि ‘चालू’ हे तीन वेगळे शब्द आहेत. प्रेसनोटमध्ये ते सर्रास एकमेकांत मिसळतात.

‘अत्याधुनिक’खाली निघालं प्रीकूलिंग. हे खरोखर सांगण्यासारखं होतं, आणि मूळ नोटमध्ये त्याचा शब्दही नव्हता. बागेतून तोडलेलं द्राक्ष दिवसाची उष्णता घेऊन येतं. ते तसंच शीतकक्षात ठेवलं तर आतपर्यंत थंड व्हायला फार वेळ लागतो, तेवढ्यात देठ सुकून तपकिरी होतात आणि मणी गळायला लागतात. म्हणून आधी वेगळ्या खोलीत पंख्यांनी पेट्यांमधून गार हवा खेचून साधारण सहा तासांत फळाचं तापमान चार अंशांच्या आसपास आणतात. नंतर माल शून्य ते एक अंशाच्या कक्षात जातो. इथं अशा दोन खोल्या होत्या, एका वेळी प्रत्येकी सहा टनांच्या.

‘नुकसान शून्यावर’ आणि ‘उत्पन्न दुप्पट’ यांना कसला आधार आहे, विचारलं. एका पाहुण्याच्या थोड्या पेट्या ठेवून पाहिल्या होत्या, माल चांगला निघाला. वजनं लिहून ठेवलेली नाहीत. दोन्ही वाक्यं गेली. ‘नुकसान कमी होण्यास मदत होईल’ असं मवाळ करूनही ठेवली नाहीत. आधार नसलेला दावा बारीक केला तरी त्याला आधार येत नाही.

‘निर्यातीची हमी’ म्हणजे काय, तर अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या मान्यतेसाठी अर्ज केलाय. युरोपला द्राक्ष पाठवायचं तर पॅकहाउसला ही मान्यता लागते, शिवाय मालाची कीटकनाशक अंशांची तपासणी असते. दुसऱ्याच्या मालाच्या निर्यातीची हमी कुठलंच शीतगृह देऊ शकत नाही. म्हणून वाक्य झालं : अर्ज केला आहे, मान्यता अजून मिळालेली नाही. मालकांना हे आवडलं नाही. मी म्हटलं, बातमीदार विचारेल तेव्हा फोनवर हेच सांगावं लागेल, मग ते आधीच लिहिलेलं बरं.

राहिला ‘माफक दर’. प्रीकूलिंगसह पहिल्या पंधरा दिवसांना किलोमागे दीड रुपया. आणि जाता जाता ते म्हणाले, ‘आमचं एक बरंय, पन्नास क्रेट असले तरी आम्ही घेतो.’ मी पेन खाली ठेवलं. पाऊण तासात पहिल्यांदा बातमी सापडली होती. एकर-दीड एकरवाल्याला दुसऱ्याच्या शीतगृहात जागा मिळणं किती अवघड असतं, हे त्या भागात सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी मजकूर कसा झाला?

असा :

> दिंडोरी तालुक्यात द्राक्ष शीतगृह सुरू. पन्नास क्रेटपासून माल ठेवता येणार
>
> नाशिक : दिंडोरी तालुक्यातील … येथे … कंपनीचे द्राक्ष शीतगृह रविवारी (ता. ११) सुरू झाले. कंपनीबाहेरील बागायतदारांनाही येथे माल ठेवता येईल. त्यासाठी किमान पन्नास क्रेटची अट आहे. प्रीकूलिंगसह पहिल्या पंधरा दिवसांसाठी किलोमागे दीड रुपया दर आकारला जाईल, असे कंपनीने कळविले आहे.
>
> शीतगृहात प्रत्येकी १५० टनांचे चार कक्ष आहेत. त्यांपैकी दोन सध्या सुरू असून, वाढीव वीजभार मिळाल्यानंतर उरलेले दोन सुरू होतील. तोडणीनंतर द्राक्षाचे तापमान वेगाने उतरविण्यासाठी प्रत्येकी सहा टनांच्या दोन प्रीकूलिंग खोल्या आहेत. युरोपीय निर्यातीसाठी लागणाऱ्या अपेडाच्या मान्यतेकरिता अर्ज केला असून, ती अद्याप मिळालेली नाही.
>
> ‘मागच्या हंगामात गाडी उशिरा आली म्हणून माझाच दोन टन माल शेडमध्ये पडून राहिला. तेव्हाच हे बांधायचं ठरवलं,’ असे कंपनीचे संचालक … यांनी सांगितले.
>
> चौकशीसाठी : …

क्रम पाहा. उद्घाटन एका वाक्यात संपलं. लगेच वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट आली, मग यंत्रणा, मग अपुरं राहिलेलं काम, आणि माणूस सगळ्यात शेवटी. डेस्कवर जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. शेवटचा परिच्छेद गेला तरी काही बिघडत नाही, पहिला गेला तर काहीच उरत नाही.

‘पहिले’, ‘एकमेव’, ‘सर्वांत मोठे’ हे कधीच लिहायचं नाही का?

लिहा, पण कशात पहिलं आणि कोण म्हणतं हे दोन्ही सांगता येत असेल तर. या नोटमध्ये ‘उत्तर महाराष्ट्रातील पहिलेच’ होतं. पिंपळगाव बसवंत ते निफाड गाडीनं गेलात तरी ते खोटं आहे हे कळतं.

माझ्याच हातून हे एकदा झालंय. एका प्रेसनोटमधलं ‘नाशिकमधील पहिलेच’ मी तसंच सोडलं. सकाळी साडेआठला एका गृहस्थांचा फोन. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाले, ‘साहेब, आमचं मग काय स्वप्नात चालू आहे का सहा वर्षं?’ दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागला. ज्यांनी प्रेसनोट पाठवली होती त्यांची पुढची नोट आली की डेस्कवर सगळे माझ्याकडं बघायचे.

नोंदणीचा दाखला असेल, सरकारी यादी असेल, तर तिचा उल्लेख करून दावा करा. नसेल तर ‘पहिले’ऐवजी जे वेगळं आहे ते सांगा. ‘पन्नास क्रेटपासून’ हे ‘पहिलेच’पेक्षा कितीतरी जास्त वेगळं आहे, आणि कुणी फोन करून ते खोडू शकत नाही.

‘मा.’, ‘श्री.’, ‘शुभहस्ते’ काढले तर पाहुण्यांचा अपमान नाही का होणार?

मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘आमदार आले’, ‘संचालक म्हणाले’ यात तो पुरेपूर आला. त्यावर पुन्हा ‘मा.’ आणि ‘श्री.’ लावणं म्हणजे टोपीवर फेटा. वर्तमानपत्रं ते काढतातच. डॉक्टर असतील तर ‘डॉ.’ ठेवा, पद असेल तर पद लिहा. ‘युवा उद्योजक’, ‘दानशूर’, ‘सर्वांचे लाडके’ ही पदं नाहीत.

‘शुभहस्ते’चं ‘हस्ते’ होतं आणि ‘संपन्न झाला’चं नुसतं ‘झाला’. ‘मान्यवर’ हा शब्द तर काढायलाच हवा, कारण त्यानं आलेल्या माणसाचं नावही कळत नाही. आठ नावांची रांग द्यायची असेल तर ती फोटोओळीत द्या, डावीकडून क्रमानं. यजमानाचा मान राहतो आणि बातमीही मोकळी राहते.

मालकाचं मनोगत ठेवायचं की नाही?

ठेवायचं. मत मांडायला प्रेसनोटमध्ये तेवढीच एक जागा आहे, कारण ते कुणाचं आहे हे अवतरणचिन्हांवरून दिसतं. पण ‘शेतकरी हाच आमचा केंद्रबिंदू आहे’ असलं वाक्य कुणीही कधीही बोललेलं नसतं, ते फक्त छापलेलं असतं. वरचं दोन टनांचं वाक्य मालक फोनवर खरंच बोलले होते. मी ते लिहून त्यांना वाचून दाखवलं आणि परवानगी घेतली. त्यांच्या तोंडी आपलं वाक्य घालायचं नाही, घातलं तर निदान वाचून दाखवायचं.

क्रियापद ‘सांगितले’ किंवा ‘म्हणाले’. ‘ग्वाही दिली’, ‘अधोरेखित केले’ ही बाजू घेणारी क्रियापदं आहेत. नवशिके तटस्थ दिसावं म्हणून ‘दावा केला’ लिहितात, तेही तटस्थ नाही. त्यात शंका आहे. माहिती खरोखर वादात असेल तेव्हाच ते वापरावं.

सगळं काढल्यावर काहीच राहिलं नाही तर?

असं होतं. मागं एका दुकानाची नोट आली होती, ‘दिवाळीनिमित्त भव्य सवलत’. दहा प्रश्न विचारले, सवलतीशिवाय काही निघालं नाही. त्यांना मी सरळ जाहिरात विभागाकडं पाठवलं. जागेचे पैसे भरा, हवी तेवढी विशेषणं वापरा, तिथं कुणी कापणार नाही. त्यात कमीपणा काही नाही. बातमी आणि जाहिरात वाचकाला वेगवेगळी ओळखता आली पाहिजे, असं प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही आहे. पैसे देऊन बातमीच्या रूपात छापून आणणं, म्हणजे ‘पेड न्यूज’, हा वेगळाच रोग आहे.

प्रेसनोटच्या धंद्यातला एक जुना माणूस, अमेरिकेतला आयव्ही ली. त्यानं १९०६ मध्येच संपादकांना कळवलं होतं की आमचा मजकूर तुमच्या जाहिरात विभागात जायला हवा असं वाटलं, तर तो वापरू नका. शंभर वर्षांहून जास्त झाली, डेस्कवरची तक्रार तीच आहे.

जाहिरातीसारखी प्रेसनोट पाठवली तर कायद्याची अडचण येऊ शकते का?

काही क्षेत्रांत नक्कीच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जाहिरातीची व्याख्या फार रुंद आहे. त्यात छापील माध्यमातली प्रसिद्धी येते, इंटरनेटवरची येते, परिपत्रकसुद्धा येतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा ‘ही जाहिरात नव्हे, प्रेसनोट आहे’ या वाक्यामागं फार काळ लपता येणार नाही.

घरबांधणीची नोट असेल तर महारेरा नोंदणी क्रमांक आधी मागून घ्या. नोंदणी लागू असलेल्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही. औषधोपचाराची असेल आणि ‘मधुमेह कायमचा बरा’ असं काही लिहिलं असेल, तर हात लावू नका. काही आजारांवरच्या उपचारांची जाहिरात करायलाच १९५४च्या कायद्यानं बंदी आहे, आणि मधुमेह त्या यादीत आहे.

तयार मजकूर कसा पाठवायचा?

युनिकोडमध्ये टाइप करून, ईमेलच्या अंगातच. जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते. लेटरहेडचा फोटो पाठवला तर कुणाला तरी तो पुन्हा टाइप करावा लागतो, आणि संध्याकाळी सातला तेवढा वेळ कुणाकडं नसतो. फोटो वेगळा जोडा. चौकशीचा नंबर असा द्या, जो त्या संध्याकाळी उचलला जाईल.

या शीतगृहाच्या वेळी एका डेस्कवरून मालकांना फोन आलाच : वीजभार कधीपर्यंत मिळेल? त्यांनी सरळ सांगितलं, ‘तारीख माझ्या हातात नाही.’ दुसऱ्या दिवशी तेवढं वाक्यही छापून आलं.

छापून आल्यावर मजकुरात आपलीच चूक सापडली तर?

त्याच दिवशी दुरुस्ती कळवा, दोन ओळींत : काय छापलं गेलं आणि बरोबर काय आहे. सोबत नवी प्रेसनोट जोडू नका. एकदा एकानं दराची दुरुस्ती पाठवताना खाली ‘सुवर्णसंधी’चा परिच्छेद पुन्हा चिकटवला होता. दुरुस्ती राहिली बाजूला, आख्खी मेलच कुणी वाचली नाही.